कॅरोसेलला लाइक भरपूर, सर्व्हे मात्र रिकामा: गळती शोधायची कशी?

इन्स्टाग्रामवर ‘आमचा छोटासा सर्व्हे भरा’ अशी कॅरोसेल टाकली. लाइक आले, चार जणांनी ‘नक्की भरतो’ म्हणून कमेंटही केली, आणि फॉर्म उघडून बघावं तर उत्तरं जेमतेम डझनभर. पुढच्या वेळी रंग बदलतात, स्लाइड वाढतात, ‘प्लीज’ आणखी मोठ्या अक्षरांत येतं, आणि आकडा हलत नाही. ही तक्रार वरचेवर येते आणि तिचा तपास बहुधा उलट्या टोकापासून, म्हणजे डिझाइनपासून सुरू होतो. डिझाइनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी माणसं नेमकी कुठे गळतात ते बघायला हवं, आणि ते कळण्यासाठी चार आकडे पुरतात.

आधी चार आकडे

पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, त्यातले किती प्रोफाइलवर आले, बायोमधल्या लिंकवर किती टॅप झाले आणि शेवटी किती फॉर्म जमा झाले. पहिले तीन आकडे प्रोफेशनल अकाउंटच्या इनसाइट्समध्ये दिसतात (लिंकचे टॅप `External link taps` या नावाने), चौथा फॉर्ममध्ये. लाइक आणि सेव्ह या हिशेबात धरूच नयेत. सर्व्हेची कॅरोसेल सेव्ह करणारा माणूस ‘नंतर भरू’ म्हणत असतो आणि ते नंतर फारसं येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, उपनगरातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. संध्याकाळी ७ ला बंद होतं, त्यामुळे नोकरी करणारे सभासद लोकलमधून उतरून पोहोचेपर्यंत कुलूप लागलेलं असतं. एका जादा कर्मचाऱ्याचा पगार परवडतो. त्यातून एकतर रोज रात्री ९ पर्यंत दार उघडं ठेवता येईल, नाहीतर रविवारी सकाळी. हे सभासदांना विचारायचं म्हणून कॅरोसेल टाकली. आकडे असे आले: पोस्ट ३,२०० जणांपर्यंत, प्रोफाइलवर ९६, लिंकवर टॅप ७१, जमा फॉर्म १२.

पहिली गळती मोठी दिसते, पण फीडमधून उठून प्रोफाइलवर जाणारे नेहमीच थोडे असतात. तिथे सुधारणेला जागा आहे, चमत्काराला नाही. दुसरा टप्पा ठीक आहे, प्रोफाइलवर आलेल्यांना लिंक सापडतेय. खरा घात तिसऱ्या टप्प्यावर आहे. ७१ वेळा लिंकवर बोट पडलं, म्हणजे काही जणांनी दोनदा टॅप केलं असेल असं धरलं तरी साठेक माणसं भरायची तयारी ठेवून आली होती, आणि त्यातली बहुतेक न भरता परतली. इथे कॅरोसेलचे रंग बदलून काडीचा फरक पडणार नाही. माणसं आली होती, ती दारातून परत गेली.

टॅप भरपूर, फॉर्म कमी: आधी साइन-इन तपासा

इन्स्टाग्राममधली लिंक फोनच्या क्रोममध्ये उघडत नाही, इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडते. क्रोममध्ये तुम्ही गुगलला साइन-इन केलेलं असलं तरी या ब्राउझरला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे फॉर्मने साइन-इन मागितलं की समोर ईमेल आणि पासवर्डचं पान येतं. स्वतःचा गुगल पासवर्ड तोंडपाठ असणारी माणसं किती? शिवाय अशा आतल्या ब्राउझरमध्ये गुगल कधी कधी सुरक्षिततेचं कारण देऊन साइन-इन अडवतं.

गुगल फॉर्म चार कारणांनी साइन-इन मागतो. `Limit to 1 response` चालू असणं हे सगळ्यात सर्रास आढळणारं. एकाने दोनदा भरू नये म्हणून ते चांगल्या हेतूने चालू केलेलं असतं, आणि दोन खोटी उत्तरं टाळायला चाळीस खरी घालवतं. दुसरं, ईमेल गोळा करण्याची सेटिंग `Verified` वर असणं. तिसरं, फोटो किंवा फाइल चढवायला सांगणारा प्रश्न. चौथं, फॉर्म संस्थेच्या किंवा कॉलेजच्या खात्यातून बनवलेला असून तो फक्त त्या संस्थेतल्या लोकांना खुला असणं. अशा वेळी बाहेरच्या माणसाला परवानगी नसल्याचा निरोप दिसतो. बनवणारा त्याच खात्यात बसून तपासत असल्यामुळे त्याला सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून ही चूक दिवसेंदिवस लपून राहते.

तपासणी दोन मिनिटांची आहे. ज्या फोनवर तुमचं कुठलंही खातं नाही अशा फोनवर, इन्स्टाग्राममधूनच, बायोच्या लिंकवर टॅप करून फॉर्म शेवटपर्यंत भरा आणि जमा करा. लॅपटॉपवर उघडून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. आपल्या वाचनालयाच्या फॉर्ममध्ये `Limit to 1 response` चालूच सापडलं. ते बंद केलं की एखादा दोनदा भरेल, हे मान्य करायचं. एकाच मिनिटात आलेल्या हुबेहूब सारख्या ओळी शीटमध्ये डोळ्यांनी ओळखता येतात.

‘फक्त एक मिनिट’ हे कुठून आलं?

साइन-इनचा अडथळा काढल्यावरही निम्मे लोक परतत असतील तर वेळेचा अंदाज तपासा. स्लाइडवर ‘फक्त १ मिनिट’ लिहिलेलं असतं ते बहुधा कुणी मोजलेलं नसतं. ज्याने प्रश्न लिहिले त्याने स्वतः भरून पाहिलेलं असतं, आणि त्याला प्रश्न वाचावेच लागत नाहीत.

वाचनालयाचा मूळ फॉर्म १४ प्रश्नांचा होता. साधे, एक पर्याय निवडायचे ८. प्रत्येकी दहा सेकंद धरली तर ८०. सहा-सहा ओळींचे तक्ते दोन, ‘अगदी असमाधानी’ ते ‘अगदी समाधानी’ छापाचे. फोनवर तक्ता आडवा सरकवावा लागतो, म्हणून प्रत्येकी ४५ सेकंद, म्हणजे ९०. लिहून उत्तर द्यायचे दोन. मराठीत टाइप करणाऱ्याला दोन ओळींना मिनिटभर सहज लागतं, म्हणजे १२०. नाव आणि सभासद क्रमांक मिळून ३०, तेही कार्ड पाकिटात असेल तर. फॉर्म उघडून वरची प्रस्तावना वाचायला २०. बेरीज ३४० सेकंद, म्हणजे पावणेसहा मिनिटांच्या आसपास. स्लाइडवर मात्र एक मिनिट.

वेळ कमी सांगितली की जास्त लोक सुरुवात करतात, हे खरंच आहे, आणि मोह तिथेच पडतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सर्वेक्षणाला ८ ते १० मिनिटं लागतील असं सांगितलं आणि काहींना २० मिनिटं. कमी वेळ ऐकलेल्यांपैकी जास्त जणांनी सुरुवात केली. पण सुरू केल्यावर अर्धवट सोडण्याचं प्रमाण, २० मिनिटं ऐकून आलेल्यांमध्ये कमी निघालं. कबूल केलेल्या वेळेच्या आत काम उरकतंय असं वाटलं की माणूस टिकतो, आणि वेळ उलटली की मध्येच उठतो. गुगल फॉर्ममध्ये त्या उठण्याची किंमत पूर्ण असते. ‘सबमिट’ दाबलं नाही तर आधीचे दहा प्रश्न भरलेले असूनही शीटमध्ये एक अक्षर येत नाही. कुठल्या प्रश्नावर सोडलं तेही कळत नाही.

म्हणून आधी फॉर्म कापायचा आणि मग वेळ मोजायची. वेळ आधी ठरवून स्लाइडवर छापली की तिच्यात बसवण्याच्या नादात आकडा खोटा होतो.

कापायचं काय, ते कारणावरून ठरतं

‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ हे कारण नाही. ते बँकही म्हणते, मोबाइल कंपनीही म्हणते, आणि वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की पुढे काही होणार नाही. कारण म्हणजे एक ठरायची राहिलेली गोष्ट, ती कोण ठरवणार, कधी ठरवणार आणि तुमच्या उत्तराने त्यात काय इकडचं तिकडे होईल. वाचनालयाचं कारण दोन वाक्यांत बसतं:

‘एका जादा कर्मचाऱ्याची सोय झाली आहे. रोज रात्री ९ पर्यंत उघडं ठेवायचं की रविवारी सकाळी, हे कार्यकारिणी २५ तारखेच्या बैठकीत तुमच्या उत्तरांवरून ठरवेल.’

त्याखाली एक तिसरं वाक्य हवं, जे लिहायला लोक कचरतात: ‘वर्गणीचा विषय या बैठकीत नाही.’ जे बदलणार नाही ते आधीच सांगितलं की लिहायच्या रकान्यात वर्गणीवरची गाऱ्हाणी येत नाहीत, आणि भरणाऱ्याचीही नंतर फसगत होत नाही.

हे कारण हातात आलं की प्रत्येक प्रश्न त्याच्यावर घासून बघायचा. ‘हो’ आलं तर काय करू, ‘नाही’ आलं तर काय करू? दोन्हीकडे उत्तर एकच असेल तर प्रश्न गेला. ‘आमच्या ग्रंथसंपदेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ या तक्त्याचा वेळेच्या निर्णयाशी काही संबंध नाही, म्हणून दोन्ही तक्ते बाद. नाव कशाला? सभासद क्रमांक कशाला? ‘रेकॉर्डसाठी’ हे उत्तर आलं तर तेही बाद. फोन नंबर तर मागूच नये. ‘नंतर फोन येतील’ ही शंका आली की अर्धं मिनिटसुद्धा जास्त वाटतं.

उरले सहा प्रश्न. सभासद आहात का. सध्या साधारण किती वेळा येता. कामाच्या दिवशी किती वाजता पोहोचू शकता. ९ पर्यंत उघडं असेल तर आठवड्यातून किती दिवस याल. रविवारी सकाळी याल का, आणि कोणत्या वेळेत. शेवटी, वाटलं तर भरायचा एक मोकळा रकाना. चौथा आणि पाचवा प्रश्न ‘तुम्हाला काय आवडेल’ असे विचारलेले नाहीत, हे बघा. आवडेल तर सगळंच. किती दिवस याल, यावरून कर्मचारी बसवायचा की नाही ते ठरतं.

मोकळा रकाना शेवटीच ठेवायचा आणि सक्तीचा करायचा नाही. तो पहिल्या तीन प्रश्नांत आला तर माणूस तिथेच अडखळतो आणि ‘हे सगळं असंच असणार’ असं धरून चालतो. सहा प्रश्नांच्या फॉर्मला प्रोग्रेस बारचीही गरज नाही. गुगल फॉर्ममधला बार पानं मोजतो, प्रश्न नाही, आणि एकाच पानाच्या फॉर्मवर त्याचा काही उपयोग होत नाही.

वेळ मोजायची कशी

फॉर्म बनवण्यात हात नसलेली पाच माणसं घ्या. त्यातलं एक साठीच्या पुढचं असावं आणि एक मराठी टायपिंगची सवय नसलेलं. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर, इन्स्टाग्राममधून लिंक उघडायची. टॅप केल्यापासून ‘सबमिट’पर्यंत घड्याळ लावायचं. मध्ये काही समजावून सांगायचं नाही, ‘म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं तर तो प्रश्न दुरुस्त करायचा आहे, एवढं टिपून ठेवायचं.

समजा वेळा आल्या: १ मिनिट १५ सेकंद, १:२५, २:०५, २:२०, ३:१०. पहिल्या दोघांनी शेवटचा रकाना रिकामा सोडला. सरासरी काढायची नाही, कारण निम्म्या लोकांना त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि त्यांच्या लेखी तुमचा आकडा खोटा ठरतो. शेवटून दुसरी वेळ घ्या आणि पुढच्या अर्ध्या मिनिटापर्यंत वाढवा. २:२० चं झालं अडीच मिनिटं. स्लाइडवर ओळ अशी येईल: ‘६ प्रश्न, सुमारे अडीच मिनिटं. शेवटचा लिहायचा प्रश्न सोडलात तर दीड.’ प्रश्नांची संख्या सोबत हवीच. मिनिटांचा अंदाज भरणाऱ्याला पडताळता येत नाही, प्रश्न मात्र मोजता येतात.

‘फक्त’, ‘अवघी’, ‘पटकन’ हे शब्द काढून टाका. अडीच मिनिटं ही अडीच मिनिटं असतात.

टॅपच कमी असतील तर

आता पहिल्या गळतीकडे, म्हणजे पोस्ट दिसली पण माणूस लिंकपर्यंत आला नाही, तिकडे येऊ. इथे कॅरोसेलचं काम आहे, आणि त्याला पाच स्लाइड पुरतात. इन्स्टाग्राम आता वीसपर्यंत चढवू देतं, म्हणून वीस भरायच्या नसतात. सर्व्हे मागण्यासाठी बारा स्लाइड सरकवायला लावल्या तर स्लाइडवर सांगितलेली वेळ पहिल्याच मिनिटाला खोटी पडली.

पहिल्या स्लाइडवर प्रश्न आणि वेळ: ‘वाचनालय रात्री ९ पर्यंत हवं की रविवारी? ६ प्रश्न, सुमारे अडीच मिनिटं.’ दुसरीवर कारण, वर दिलं तसं. तिसरीवर काय विचारणार आणि काय विचारणार नाही (नाव, फोन, ईमेल). चौथीवर लिंक कुठे आहे त्याचं चित्र. पाचवीवर शेवटची तारीख आणि निर्णय कुठे कळवला जाईल ते.

दुसरी स्लाइड स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. पहिली स्लाइड न सरकवता कुणी पुढे गेलं तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्या माणसाला तुमची दुसरी स्लाइडच पहिली असते. तिथे ‘का बरं?’ एवढंच लिहून तिसरीकडे ढकललं असेल तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून दुसरीवरही ‘६ प्रश्न, अडीच मिनिटं’ खाली छोटंसं पुन्हा छापावं.

अक्षरांच्या आकाराचा हिशेब करूनच टाका. १०८० पिक्सेल रुंदीची स्लाइड फोनवर साधारण ३६ टक्के आकारात दिसते. कॅनव्हासवर ३० पिक्सेलचं देवनागरी अक्षर तिथे ११ चं होतं, आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. मजकूर ४४ च्या खाली नको, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो.

चौथ्या स्लाइडबद्दल जरा सविस्तर, कारण गोंधळ तिथेच होतो. कॅप्शनमधली लिंक टॅप होत नाही, स्लाइडवर छापलेली तर नाहीच. क्यूआर कोड छापणं तर मजेशीरच: ज्या फोनवर तो दिसतोय त्यानेच तो स्कॅन करायचा! उरतात दोन वाटा. बायोमध्ये पाचपर्यंत लिंक ठेवता येतात, पण एकाहून जास्त असल्या की वर पहिलीच दिसते आणि बाकीच्या एका टॅपमागे जातात. सर्व्हे चालू आहे तोवर त्याचीच लिंक पहिली. दुसरी वाट स्टोरीची: हीच कॅरोसेल स्टोरीत शेअर करून वर लिंक स्टिकर लावा. त्यात पोस्ट सोडून प्रोफाइलवर जाण्याची पायरी वाचते. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून पहिल्या दिवशी एकदा, मध्यात एकदा आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी एकदा. रोज लावली तर लोक न बघता पुढे सरकवतात.

कुठल्या वाटेने किती उत्तरं आली हे कळावं म्हणून फॉर्मच्या शेवटी ‘ही लिंक कुठे मिळाली?’ असा प्रश्न ठेवून त्याचं उत्तर लिंकमध्येच भरून देता येतं. फॉर्मच्या मेनूत `Pre-fill form` आहे, त्यातून अशी लिंक मिळते:

```
https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1234567890=bio
```

स्टोरीसाठी शेवटचा शब्द `story` करायचा. प्रश्न पर्याय निवडायचा असेल तर हा शब्द पर्यायाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. हा रकाना भरणाऱ्याला दिसतो, लपत नाही, म्हणून तो धरून प्रश्न सात होतात आणि स्लाइडवर सातच लिहायचे. एकाच वाटेने लिंक देणार असाल तर तो ठेवूच नका.

पोस्ट टाकल्यानंतर सापडलेली चूक

वेळ चुकीची छापली गेल्याचं दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर कॅरोसेलमधलं चित्र बदलता येत नाही. फार तर ती स्लाइड काढून टाकता येते. कॅप्शन मात्र कधीही बदलता येते. म्हणून मिनिटं आणि शेवटची तारीख कॅप्शनच्या पहिल्या ओळीतही लिहावी, कारण ‘अधिक’ दाबण्याआधी तेवढंच दिसतं. चूक सापडली की तिथे सरळ लिहा: ‘स्लाइडवर १ मिनिट लिहिलं आहे, प्रत्यक्षात अडीच लागतात.’ पोस्ट उडवून नव्याने टाकण्यापेक्षा हे बरं, जुन्या कमेंट आणि शेअर टिकतात.

एवढं करूनही एक मर्यादा राहते

आलेली उत्तरं इन्स्टाग्रामवरच्या माणसांची असतात. वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा यात नाहीत, आणि लेकरांसाठी बालविभागात येणाऱ्या आयाही सगळ्या नाहीत. रात्री ९ च्या बाजूने ऐंशी टक्के उत्तरं आली तरी ती नोकरदार फॉलोअरची बाजू आहे. हेच सहा प्रश्न कागदावर छापून देवघेवीच्या टेबलावर ठेवा आणि दोन्हीकडची मोजणी वेगळी ठेवून कार्यकारिणीपुढे मांडा. एकत्र केली तर फरक बुजतो, आणि निर्णय घेणाऱ्यांना तो फरकच बघायचा असतो.

मुदत संपली की फॉर्म उत्तरं घेणं बंद करा आणि बंद फॉर्मवर दिसणारा निरोप बदला: ‘सर्व्हे बंद झाला. निर्णय २५ तारखेच्या बैठकीनंतर याच पेजवर कळेल.’ बायोमधली लिंक त्याच दिवशी काढा. पोस्ट पुढे कित्येक दिवस कुणाकुणाला दिसत राहते, म्हणून कॅप्शनच्या पहिल्या ओळीतही ‘मुदत संपली’ लिहा. बैठक झाली की तिथेच निर्णयाची ओळ टाका, आणि मागितलेल्या पर्यायाला नकार मिळाला असेल तर त्याचं कारणही.